फाइलीतले समाधान

एमपीडीए या महाराष्ट्राच्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखालचे पाच-सहा आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. प्रत्येकात दोन गोपनीय साक्षीदार असतात, ‘अ’ आणि ‘ब’. साक्षीदार ‘अ’ सांगतो की रात्री आठ-साडेआठच्या सुमारास मी घरी जात असताना अमुक इसमाने मला अडवले, गचांडी धरली, कोयता दाखवून खिशातले पैसे काढून घेतले आणि म्हणाला, ‘मी इथला भाई आहे, पोलिसांत गेलास तर खल्लास करीन.’ मी आरडाओरडा केला, पण त्याला पाहून लोक पळाले आणि दुकानदारांनी शटर खाली ओढली. साक्षीदार ‘ब’ हीच हकीकत सांगतो. त्याच्या जबाबात चौक बदलतो, रक्कम बदलते, कधी कोयत्याच्या जागी चाकू येतो. लोक मात्र पळतातच आणि शटर खाली येतातच. जबाबांखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा शेरा असतो, ‘पडताळणी केली, मजकूर सत्य आहे.’ पुढच्या पानावर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त लिहितात, ‘माझे समाधान झाले आहे.’ त्या एका वाक्यावर माणूस खटल्याविना, आरोपपत्राविना, शिक्षेविना वर्षभरासाठी येरवड्यात किंवा हर्सूलच्या कारागृहात जातो.

माझे म्हणणे असे आहे की त्या समाधानाची जी तपासणी आपली न्यायालये गेली पंचाहत्तर वर्षे करत आली, ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. कागद वेळेवर पोचला का, प्रत सुवाच्य होती का, निवेदनाला उत्तर द्यायला उशीर झाला का, हे न्यायालय बारकाईने पाहते. दुकानदारांनी शटर खरेच ओढली होती का, हे कोणी पाहत नाही. अधिकारीही आता नेमके तेवढेच शिकले आहेत. त्यांचा कागद निर्दोष होत चालला आहे आणि त्यामागची हकीकत तशीच राहिली आहे.

आधी कायद्याची चाल समजून घेऊ. महाराष्ट्राने 1981 साली झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी हा कायदा केला. पुढे त्यात ‘धोकादायक व्यक्ती’, व्हिडिओ पायरसी करणारे, वाळू तस्कर, काळाबाजार करणारे अशी भर पडत गेली. पोलीस ठाणे प्रस्ताव तयार करते. त्यात जुन्या गुन्ह्यांची यादी, अलीकडच्या एक-दोन गुन्ह्यांचे कागद आणि दोन इन कॅमेरा, म्हणजे गोपनीय, जबाब असतात. प्रस्ताव वर सरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे जातो. त्यांनी आदेश काढला की बारा दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, नाहीतर आदेश संपतो. स्थानबद्ध केल्यापासून पाच दिवसांत त्या माणसाला कारणे द्यावी लागतात. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे आणि सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल सरकारकडे. मंडळाने होकार दिला की जास्तीत जास्त बारा महिने.

ही सारी यंत्रणा राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मधून येते. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा देणारी आपली घटना आहे. अटक झालेल्या चोरालाही चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते आणि वकील मिळतो. स्थानबद्धाला याच अनुच्छेदाने या दोन्हींतून वगळले. त्याला दिले ते दोनच हक्क, कारणे जाणून घेण्याचा आणि त्याविरुद्ध लवकरात लवकर निवेदन करण्याचा. आणि ‘सार्वजनिक हिताला बाधक’ वाटेल तो तपशील लपवण्याची मुभा सरकारला दिली. ‘अ’ आणि ‘ब’ यांची नावे लपतात ती याच मुभेखाली.

न्यायालय समाधानाच्या आत का शिरत नाही, याला एक सरळ उत्तर आहे. खटल्यात प्रश्न झालेल्या कृत्याचा असतो आणि तो पुराव्याने सुटतो. स्थानबद्धतेत प्रश्न पुढे काय होईल याचा असतो. संशयावर, अंदाजावर बेतलेला निर्णय न्यायालय पुराव्याच्या तराजूत तोलू शकत नाही, म्हणून कायद्याने तो अधिकाऱ्याच्या मनावर सोपवला. मुंबई सरकार विरुद्ध आत्माराम वैद्य या 1951 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की समाधान अधिकाऱ्याचे असते, त्याच्या जागी न्यायालय आपले समाधान ठेवणार नाही. पण त्याच निकालात त्यांनी एक फट ठेवली. कारणे इतकी मोघम नसावीत की माणसाला निवेदनच करता येणार नाही.

त्याआधी दहा वर्षे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे हाच प्रश्न आला होता. युद्धकाळातल्या नियमात गृहमंत्र्याला ‘समजण्यास वाजवी कारण’ असेल तर स्थानबद्ध करता येईल असे लिहिले होते. बहुमताने म्हटले की कारण वाजवी आहे असे मंत्र्याला वाटले म्हणजे पुरे. लॉर्ड ॲटकिन एकटे उलट उभे राहिले. कारण असणे आणि कारण आहे असे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच त्यांचा मुद्दा होता. तेव्हा ते हरले. पुढे तिथल्याच न्यायमूर्तींनी बहुमत चुकले होते असे उघड मान्य केले. आपल्याकडच्या कायद्यांनी ‘वाजवी कारण’ हे शब्द घेतलेच नाहीत. ‘समाधान झाल्यास’ एवढेच लिहिले आणि ॲटकिन यांचा मुद्दा उभा राहण्याची जागाच बुजवली.

तरीही आपल्या न्यायालयांनी हळूहळू काही दारे उघडली. 1953 मध्ये शिब्बनलाल सक्सेना यांच्या खटल्यात ठरले की दोन कारणांपैकी एक खोटे निघाले तर पूर्ण आदेश पडतो, कारण उरलेल्या एका कारणावर अधिकाऱ्याचे समाधान झाले असते की नाही हे न्यायालय सांगू शकत नाही. (सरकारांनी पुढे कायद्यांत कलम 5-अ घालून याची धार बोथट केली. एमपीडीएतही ते आहे. प्रत्येक कारण स्वतंत्र समजायचे, म्हणजे एक गळले तरी आदेश तरतो.) 1974 च्या खुदिराम दास निकालात न्या. भगवती यांनी सारी दारे एका जागी मांडली. अधिकाऱ्याने स्वतः मन लावलेच नाही, दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही केली, हेतू वेगळाच होता, कसोटी चुकीची लावली, संबंध नसलेल्या गोष्टी विचारात घेतल्या किंवा महत्त्वाच्या गाळल्या, किंवा कुठल्याही शहाण्या माणसाला पोचता येणार नाही अशा निष्कर्षाला तो पोचला, तर त्याला समाधान म्हणता येणार नाही.

वाचताना हे बरेच वाटते. पण यातले प्रत्येक दार फाइलीतून उघडते. न्यायालयाला अधिकाऱ्याचे मन दिसत नाही, त्याने लिहिलेला आदेश दिसतो, आणि आदेशाला जोडलेले कागद. म्हणून कागद किती आणि कसा दिसतो यावर सगळे ठरते. हे दोन प्रसंगांत फार स्पष्टपणे दिसले.

पहिला प्रसंग 1965 चा. चीन युद्धाच्या वेळी, ऑक्टोबर 1962 मध्ये जाहीर झालेली आणीबाणी अजून चालू होती. राष्ट्रपतींच्या आदेशाने भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झालेल्यांना काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाता येत नव्हते. ऑगस्टमध्ये पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी डॉ. राममनोहर लोहिया यांना स्थानबद्ध केले. आदेशात लिहिले होते की त्यांना ‘सार्वजनिक सुरक्षितता आणि कायदा व सुव्यवस्था’ यांना बाधक कृत्यांपासून रोखण्यासाठी. नियमात मात्र शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. दंडाधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रात सांगितले की माझ्या मनात सार्वजनिक सुव्यवस्थाच होती. न्यायालयाच्या बहुमताने ते ऐकले नाही. आदेशात जे लिहिले तेच तुमचे समाधान, नंतरच्या प्रतिज्ञापत्राने ते दुरुस्त होत नाही. आणि आदेशच नियमात बसत नसेल तर राष्ट्रपतींचा आदेशही त्याला वाचवत नाही. ऐन आणीबाणीत, पाकिस्तानशी युद्ध सुरू असताना, सप्टेंबर 1965 मध्ये लोहिया सुटले.

याच निकालात न्या. हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळांची ती प्रसिद्ध मांडणी केली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांत दारूच्या गुत्त्यावर हाणामारी झाली तर मोठ्या वर्तुळाला धक्का लागतो, आतल्याला लागेलच असे नाही. साध्या कायद्याने ते निभावते. वस्तीचे रोजचे जगणेच विस्कटले तर आतल्या वर्तुळाला धक्का. एमपीडीएचा आदेश काढायला हे दुसरे वर्तुळ लागते. आता पहिल्या परिच्छेदातली शटर कुठून येतात ते कळेल. एका माणसाच्या खिशातून पैसे काढले हा जबरी चोरीचा गुन्हा झाला, तो पहिल्या वर्तुळातला. दुकानदारांनी शटर ओढली आणि लोक पळाले असे लिहिले की तो दुसऱ्या वर्तुळात जातो. साठ वर्षांपूर्वी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी घातलेली कसोटी आज जबाबातले एक ठरलेले वाक्य होऊन बसली आहे. मला यातले हेच सर्वांत जास्त टोचते.

(त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला, मराठी वाचकांनी आठवणीत ठेवावा असा. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तिथे अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. न्यायालयाने सांगितले की स्थानबद्धाला नियमांनी जेवढी बंधने घातली तेवढीच घालता येतात, त्यापलीकडे तो माणूसच राहतो.)

दुसरा प्रसंग 1975-77 चा. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकड्यांनुसार त्या काळात मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली 34,988 आणि भारत संरक्षण नियमांखाली 75,818 माणसे आत गेली. अटकांचा आकडा सगळ्यांना आठवतो. कागदाचे काय झाले ते कमी आठवते. मिसामध्ये कलम 16-अ घातले गेले आणि त्याच्या नवव्या पोटकलमाने स्थानबद्धतेची कारणे गोपनीय ठरवली. ती माणसाला द्यायची नाहीतच, न्यायालयालाही दाखवायची नाहीत. म्हणजे लोहियांना ज्या कागदाने सोडवले तोच कागद सरकारने काढून घेतला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात मुंबईही होते, सांगितले की निदान आदेश कायद्यात बसतो का आणि हेतू प्रामाणिक आहे का एवढे आम्ही पाहणार. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तेही दार बंद केले. आदेश दुष्ट हेतूने काढला असे म्हणायलाही माणसाला न्यायालयात उभे राहता येणार नाही. न्या. खन्ना एकटे विरोधात राहिले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले.

न्यायालय पाहणार नाही अशी खात्री झाली की समाधानाचे काय होते ते नंतर आयोगासमोर उघड झाले. दिल्लीत सह्या आधी झाल्या आणि कारणे नंतर लिहिली गेली. पाहणारा कोणी नसेल तर अधिकाऱ्याला समाधान होण्याची गरजच उरत नाही.

आणीबाणीनंतर दुरुस्त्या झाल्या. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीचे कारण ‘अंतर्गत अशांतता’ ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ असे केले आणि अनुच्छेद 20 व 21 कधीही निलंबित होणार नाहीत असे ठरवले. 1976 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणाच्या निकालात रीतसर पुसला. पण दोन गोष्टी तशाच राहिल्या. अनुच्छेद 22 त्या सुरक्षित यादीत नाही. पुढच्या आणीबाणीत कारणे कळण्याचा आणि निवेदनाचा हक्क बजावण्यासाठी न्यायालयात जाणे पुन्हा थांबवता येईल, आणि मग सगळा भार अनुच्छेद 21 वर येईल. दुसरी गोष्ट शेवटी सांगतो.

साध्या दिवसांत काय चालते, ते पाहू. गेल्या चाळीस वर्षांत मुंबई उच्च न्यायालयाने एमपीडीएचे पुष्कळ आदेश रद्द केले. का केले ते वाचले की माझा मुद्दा कळेल. 1962 मध्येच, नागपूरच्या हरिकिसन यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की इंग्रजी न येणाऱ्या माणसाला इंग्रजीत कारणे देणे म्हणजे न देणेच. मग भाषांतरे जोडली जाऊ लागली. 2000 मध्ये ठरले की बारा दिवसांच्या आत, सरकारी मंजुरीपूर्वी, आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच निवेदन करता येते आणि तसे माणसाला सांगितले पाहिजे. लगेच प्रत्येक आदेशात तसे एक वाक्य आले. हातभट्टीच्या प्रकरणांत दारू आरोग्याला घातक होती हे दाखवायला रासायनिक विश्लेषणाचा अहवाल नाही म्हणून आदेश पडू लागले. मग अहवाल जोडले जाऊ लागले. गोपनीय जबाबांवर आदेश काढणाऱ्याने स्वतः लक्ष दिल्याची खूण नाही म्हणून आदेश पडले, तर ‘पाहिले’ अशी सही येऊ लागली.

यातला प्रत्येक नियम योग्यच आहे. भाषांतर हवेच, अहवाल हवाच. पण प्रत्येक निकालानंतर नमुन्यात एक ओळ वाढली आणि ती ओळ पुढच्या वेळी कॉपी-पेस्ट झाली. न्यायालय जे शोधते ते फाइल पुरवते.

आता एक खरे प्रकरण बघू. डिसेंबर 2024 मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्यापुढे महाराष्ट्रातल्या एका हातभट्टीवाल्याचा एमपीडीएचा आदेश आला. उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळलेली होती. आधार होता दारूबंदी कायद्याखालचे सहा गुन्हे आणि दोन गोपनीय जबाब. सर्वोच्च न्यायालयाने दोन साधे प्रश्न विचारले. सहाही गुन्हे हातभट्टीवरच्या छाप्यांचे होते आणि त्यांत या माणसाला अटक करण्याची गरजही यंत्रणेला वाटली नव्हती. ज्याला सहा वेळा अटक करावीशी वाटली नाही तो अचानक सार्वजनिक सुव्यवस्थेला असा धोका कसा झाला, की त्याला खटल्याविना कोंडावे लागले? आणि जबाब? ते मोघम आणि ठोकळेबाज होते. त्यांत एका-एका माणसाला दमदाटी केल्याची हकीकत होती, वस्ती हादरल्याची नव्हती. आदेश रद्द झाला.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कागदाची तारीख किंवा प्रत पाहिली नाही, कागदातली गोष्ट पाहिली. तरीही न्यायालयाने अधिकाऱ्याच्या जागी बसून धोका तोलला नाही. अधिकाऱ्याने स्वतःच जे सांगितले त्यातला विरोध दाखवला. व्यक्तिनिष्ठ समाधानाच्या तपासणीची हीच वाट आहे असे माझे मत आहे, आणि ती अपवाद न राहता नेहमीची झाली पाहिजे.

तिचा पहिला प्रश्न असा असावा: साध्या कायद्याने काय जमत नव्हते? 2011 च्या रेखा निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की साधा कायदा पुरेसा असेल तर स्थानबद्धता बेकायदा. 2021 मध्ये तेलंगणाच्या एका प्रकरणात न्या. नरीमन यांनी म्हटले की जामीन चुकीचा वाटत असेल तर सरकारने तो रद्द करून घ्यायला जावे. 2023 मध्ये, पुन्हा तेलंगणाच्याच प्रकरणात, न्या. दीपांकर दत्ता यांनी (ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते) न्यायालयांनी काय काय तपासावे याची सविस्तर मांडणी केली. म्हणजे कायदा तयार आहे. पण आदेशात याचे उत्तर कसे येते? ‘सदर इसमावर प्रचलित कायद्यान्वये वेळोवेळी कारवाई करूनही त्याच्या वर्तनात सुधारणा झालेली नाही.’ कुठली कारवाई? जामिनाला विरोध केला होता का? जामिनाच्या अटी काय होत्या, त्यांतली कुठली मोडली, मोडल्यावर जामीन रद्द करण्याचा अर्ज कधी केला आणि त्याचे काय झाले? तडीपारीचा प्रस्ताव का टाकला नाही? ही चार उत्तरे आदेशात तारखांसह नसतील तर समाधान झालेच नाही असे धरावे. यात न्यायालय अधिकाऱ्याच्या अंदाजात जराही हात घालत नाही. ज्या पायरीवरून त्याने उडी मारली ती पायरी दाखव, एवढेच विचारते.

याला पोलिसांचे उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पुण्यातल्या वस्तीत कोयता घेऊन गाड्या फोडत फिरणारी पोरे असतात. फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही. आला तर साक्षीच्या दिवशी उलटतो, कारण तो त्याच गल्लीत राहतो. खटला वर्षानुवर्षे चालतो, जामीन मिळतो आणि जामिनावर आलेल्याची मिरवणूक निघते. अशा गल्लीतल्या बाईला विचारले तर ती म्हणेल, वर्षभर तरी आत टाका, आम्हाला झोप तरी लागेल. तिचे स्वातंत्र्यही अनुच्छेद 21 मध्येच आहे. मी हे नाकारत नाही, आणि घटना जोवर हा अधिकार देते तोवर तो कधीच वापरू नये असेही म्हणत नाही.

पण तिची भीती खरी असेल तर तिचा जबाबही खरा असायला हवा. ठोकळेबाज जबाबांचे पहिले नुकसान तिलाच सोसावे लागते. आदेश रद्द होतो, माणूस सहा-आठ महिन्यांनी ‘हायकोर्टाने सोडले’ म्हणत परत येतो आणि गल्ली आधीपेक्षा जास्त घाबरते. साक्षीदार संरक्षण योजना 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली. तिचा खर्च, तिची मेहनत टाळायची आणि त्याऐवजी ‘अ’ आणि ‘ब’ लिहायचे, हे भित्र्या साक्षीदाराचे रक्षण नव्हे.

म्हणून दुसरा प्रश्न गोपनीय जबाबांचा. गोपनीयता स्थानबद्धापासून आहे, ती न्यायाधीशांपासून असण्याचे कारण नाही. सल्लागार मंडळात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेले, किंवा त्या पात्रतेचे लोक बसतात. स्थानबद्धाला तिथे वकील मिळत नाही, तो स्वतः बोलतो, अनेकदा चार वाक्ये. त्याला ‘अ’ कोण हे माहीत नसते, मग तो खोडून काय काढणार? निदान मंडळाने ‘अ’ आणि ‘ब’ यांना बंद दाराआड स्वतः बोलावून ऐकावे. कायद्याने मंडळाला आणखी माहिती मागवण्याचा अधिकार दिलेलाच आहे. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सल्लागार मंडळे शिक्का मारण्यासाठी नाहीत, त्यांनी आदेश टिकतो का हे खरोखर तपासायचे आहे. साक्षीदार खरेच आहे का आणि तो घाबरला आहे का, हे पाच मिनिटांच्या भेटीत कळते. सही केलेल्या कागदावरून कधीच कळत नाही.

आणि वेळ. आदेश बारा महिन्यांचा असतो. याचिका दाखल व्हायला महिना-दीड महिना जातो, उत्तरासाठी सरकार मुदत मागते, सुट्ट्या येतात, खंडपीठ बदलते. आदेश मुळापासून बेकायदा होता असा निकाल येतो तेव्हा अनेकदा त्या माणसाने बारापैकी सात-आठ महिने भोगलेले असतात. त्याबद्दल भरपाई सहसा नाही. आदेश काढणाऱ्याला सद्भावनेचे संरक्षण आहे आणि तोवर बहुधा त्याची बदली झालेली असते. अशा तपासणीची कोणाला जरब वाटावी? उच्च न्यायालयाने स्थानबद्धतेच्या याचिकांना सल्लागार मंडळाचीच मुदत लावून घ्यावी. जर मंडळ सात आठवड्यांत मत देऊ शकते, तर खंडपीठही देऊ शकते. आणि आदेश कारणांतल्या खोटेपणामुळे पडला, केवळ तांत्रिक चुकीने नव्हे, तर त्याच निकालात भरपाई ठरवावी. घटनात्मक न्यायालयांनी बेकायदा कोठडीसाठी भरपाई देण्याचा मार्ग 1983 पासून खुला आहे.

मघाशी राहिलेली दुसरी गोष्ट सांगतो. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या कलम 3 ने अनुच्छेद 22 च बदलायचा होता. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने कोंडण्याची मुभा दोन महिन्यांवर आणायची होती. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचे होते, अध्यक्ष कार्यरत न्यायमूर्ती असायला हवा होता आणि ‘न्यायमूर्ती होण्यास पात्र’ एवढ्यावर सदस्य नेमण्याची वाट बंद व्हायची होती. संसदेने हे मंजूर केले, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते केव्हापासून लागू हे केंद्र सरकारने अधिसूचनेने सांगायचे होते. 1981 मध्ये ए. के. रॉय खटल्यात ही अधिसूचना काढायला सरकारला भाग पाडावे अशी मागणी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. दुरुस्ती झाल्यापासून दिल्लीत जनता, काँग्रेस, भाजप, आघाड्या, सगळ्यांची सरकारे येऊन गेली आणि ती अधिसूचना कोणीही काढली नाही. आणीबाणीच्या आठवणीने दर जूनमध्ये भाषणे करणाऱ्या प्रत्येक पक्षाला महाराष्ट्रातल्या मतदाराने आणि वकील संघटनांनी याच अधिसूचनेबद्दल विचारावे. ती काढायला संसदेत नवे विधेयक लागत नाही, राजपत्रातली एक नोंद पुरते.